क्विक मास्क म्हणजे पोरांचं खेळणं?

तांबडा-पांढरा: चप्पल लाईनीतल्या एका दुकानाचं काम होतं. कापशी जोडाचा फोटो, पोत्यावर ठेवून काढलेला. मागचं पोतं उडवायला फोटोशॉपात `Q` दाबून क्विक मास्क लावला, ब्रशनं चप्पल रंगवली, परत `Q`, मग `Delete`. कडेनं पोत्याची धूसर झालर राहिली. आणखी एकदा `Delete` मारलं तर वेणीच खाल्ली. क्विक मास्क पोरांचं खेळणं आहे, पेन टूलच खरं. वाद नको.

उद्यमनगरचा फ्लेक्सवाला: वाद नको म्हणालास, म्हणूनच घालतो. झालर क्विक मास्कनं नाही, तुझ्या मऊ ब्रशनं आणली. `Hardness` शून्यावर असणार, पैज लाव. मऊ ब्रशची कड काळी नसते, करडी असते, आणि करडं म्हणजे अर्धवट निवडलेलं. पहिल्या `Delete` ला तिथलं पोतं अर्धंच पुसलं गेलं, ती तुझी झालर. दुसऱ्यांदा उरलेल्यातलं अर्धं गेलं, पण त्याच करड्या पट्ट्यात वेणीची कडही होती, तीही पुसली. सरकणारी तुटक रेघ फक्त निम्म्यापेक्षा जास्त निवडलेला भाग दाखवते, त्यामुळं पडद्यावर सगळं चोख वाटतं.

आता असं कर. `Ctrl+Z` नं दोन्ही `Delete` मागं घे, सिलेक्शन जिवंत असताना `Q` दाब. `Hardness` ९० च्या आसपास, ब्रशची `Opacity` पूर्ण १००. जिथं रंग कडेच्या आत राहिला तिथं काळा, जिथं पोत्यावर गेला तिथं पांढरा. `X` दाबलं की दोन्ही बदलतात. सगळीच कड मऊ झाली असेल तर क्विक मास्कमध्येच `Ctrl+L` उघडून दोन्ही टोकांच्या खुट्ट्या आत सरकव, करडा पट्टा आवळतो. मग `Q` आणि एकदाच `Delete`. खाली गडद रंगाची लेयर ठेव, झालर उरली असेल तर लगेच दिसते.

शाहूपुरीचा जिम्पवाला: सगळं उलटं सांगताय. `Q` दाबलं की आधी सगळं चित्र लाल होतं, आणि पांढऱ्यानं रंगवायचं ते निवडलं जातं. मी चार वर्षं असंच करतोय.

उद्यमनगरचा फ्लेक्सवाला: भावा, तू जिम्पमधला आहेस, तिथं `Shift+Q` असतं. तिथं काही निवडलेलं नसेल तर सगळं लाल होतं, तुझं खरं. फोटोशॉपात काहीच लाल होत नाही. चप्पल काळ्यानं रंगवून बाहेर पडलं की चप्पल सोडून बाकी सगळं निवडलेलं मिळतं, म्हणून उलटं न करता थेट `Delete` चालतं. टूलबारातल्या क्विक मास्कच्या आयकॉनवर डबल क्लिक करून कुणी `Selected Areas` केलं असेल तर मात्र चप्पलच उडते. मग आधी `Ctrl+Shift+I`.

शाहूपुरीचा जिम्पवाला: म्हणजे मी चुकलो नाही, फक्त दुसऱ्या गावात राहतो. चालतंय की.

गुजरीतली साजवाली: माझी चप्पल नाही, साज आहे, लाल मखमलीवर. रंगवलेलं दिसतच नाही. आणि `Delete` दाबलं की भलतीच खिडकी उघडते, काय भरायचं विचारते.

उद्यमनगरचा फ्लेक्सवाला: ताई, खिडकी उघडते कारण `Background` लेयर कुलूपबंद आहे. तिच्यावर डबल क्लिक करा, `Layer 0` होईल. लालावर लाल दिसत नाही म्हणून आयकॉनवर डबल क्लिक करून मास्कचा रंग हिरवा करा. पानड्यांच्या मधली मखमल बारीक ब्रशनं, पांढऱ्यानं मोकळी करा.

बोर्डपेंटर (निवृत्त): पुसायचंच कशाला? लेयर मास्क लावा, पाहिजे तेव्हा परत मिळतं. `Delete` म्हणजे बोर्डावरचं नाव तासून काढणं. एकदा गेलं की गेलं.

तांबडा-पांढरा: काका, लेयर मास्क लावायचे पैसे गिऱ्हाईक देतंय व्हय? साठ जोडांचे फोटो, उद्या सकाळी पाहिजेत, आणि वर "दोन क्लिकचं तर काम आहे". गेल्या दिवाळीत एकानं चाळीस फोटो करून घेतले आणि फोन उचलायचाच बंद केला.

बोर्डपेंटर (निवृत्त): लेयर मास्कला एक बटण लागतं रे, पैसे कसले? पैसे आधी घ्यायचे. आम्ही अर्धे हातात पडल्याशिवाय ब्रश भिजवत नव्हतो.

तांबडा-पांढरा: तुमच्या वेळी बोर्ड रंगवणारे गल्लीत दोघं होते. आता प्रत्येक घरात एक डिझायनर आहे, आणि प्रत्येकजण आधीच्यापेक्षा स्वस्तात करतो.

उद्यमनगरचा फ्लेक्सवाला: यातला एक मीच असेन म्हणून टोमणा मारतोयस का? स्पष्ट बोल.

तांबडा-पांढरा: टोपी बसली तर घाल.

गुजरीतली साजवाली: तुम्ही भांडा. माझं झालं, फक्त सेव्ह केल्यावर मागं पांढरं आलं.

बोर्डपेंटर (निवृत्त): जेपीजी केलंत. पीएनजी करा.

तांबडा-पांढरा: `Hardness` शून्यच होता. झालर गेली. आता खूश? सरळ कडेला तरी पेन टूलच लागतं, त्यावर मी हटणार नाही.

उद्यमनगरचा फ्लेक्सवाला: सोलाच्या कडेला मीपण पेनच वापरतो. पण वेणीचा एकेक पीळ पेननं काढून दाखव, मग बोलू. आणि टोपीचं राहिलंय अजून.