शेवटी जेपीजीच करायची, मग १६ बिट कशाला?

परळीचा फोटोवाला: "१६ बिटात लेयर ठेवा, लोगो स्मार्ट ऑब्जेक्ट करा" म्हणणाऱ्यांनी लग्नसराईत कधी काम केलंय का? गिऱ्हाईकाला जाते जेपीजी, ती ८ बिटच. मी जेपीजी काढतो, तिच्यावरच नाव, तारीख, लोगो टाकून सेव्ह करतो. दोन मिनिटांत मोकळा.

लातूरची रॉवाली: काल वाचलं तेव्हाच हात शिवशिवले, पण अल्बम द्यायचा होता. दोन वर्षांखाली देवगिरीच्या पायथ्याला प्री-वेडिंग केलं. सूर्य बुडल्यावरचं गडद निळं आभाळ. तुमच्यासारखीच जेपीजीवर तारीख टाकली. रात्री नवरदेवाच्या मामांचा फोन, "१२ नाही, २१ आहे." रंगांवर केलेलं सगळं काम जेपीजीत मुरलेलं. मग आकडे क्लोननं पुसले, नवे लिहिले, जाता जाता आभाळ जरा उजळ केलं. आभाळात जिन्यासारखे पट्टे, आणि पुसलेल्या जागी मळकट डाग!

त्या ८ बिटाच्या आभाळात निळ्या छटांच्या ४० पायऱ्या धरा. सहा हजार पिक्सेल रुंदीत एक पायरी दीडशे पिक्सेलची झाली. उजळ करताना त्याच ४० ताणल्या जातात, मधल्या नव्या येणार कुठून? १६ बिटात तेवढ्याच पल्ल्यात हजारो असतात, त्या ताणल्या तरी भोकं पडत नाहीत.

आता मी रॉ १६ बिटात स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडते. वर कर्व्ह, त्यावर टेक्स्ट लेयर टेक्स्टच ठेवून, आणि लोगोची व्हेक्टर फाइल Place करून. पीएसडी सेव्ह. द्यायच्या वेळी तिची कॉपी काढून आधी Flatten, मग sRGB, मग ८ बिट, मग जेपीजी. लेयर तसेच ठेवून ८ बिट केलं तर कर्व्हचं गणितही ८ बिटातच होतं आणि पट्टे परत येतात. तपासायचं मात्र १०० टक्क्यांवर. लहान करून बघितलं की नसलेले पट्टेही दिसतात.

परळीचा फोटोवाला: बरं बाई, आभाळाचं पटलं. पण अक्षराला १६ बिटाचा काय फायदा? पांढरं ते पांढरंच. आन् २४ मेगापिक्सेलचा एक फोटो लेयर टाकायच्या आधीच १४४ एमबी. सातशे फोटोंना माझा पीसी मान टाकंल.

लातूरची रॉवाली: अक्षराला काहीच फायदा नाही. तसं मी म्हटलंच नव्हतं. आणि सातशेंना करायला कोण सांगतंय? तारीख टाकायचे बारा-पंधराच असतात. बाकीच्यांवर नुसता लोगो, तो लाइटरूममधून निर्यात करताना वॉटरमार्क म्हणून. मूळ फोटोला हातही लागत नाही.

फ्लेक्सवाले काका, नांदेड: टेक्स्ट लेयर जिवंत ठेवायच्या गप्पा मला सांगू नका. मागच्या महिन्यात एकानं पीएसडी पाठवली, फॉन्ट माझ्याकडं नाही. 'वर्षश्राद्ध'चा रफार भलत्याच अक्षरावर, श्राद्धाची वेलांटी तिसरीकडं. फ्लेक्स छापून झाला. पैसे कुणी दिले? मीच. रास्टराइज करून पाठवा, नाहीतर येऊ नका.

उदगीरकर: काका, 'श्राद्ध'ला वेलांटी असते?

फ्लेक्सवाले काका, नांदेड: काना म्हणा. तुमी शिक्षक दिसता.

उदगीरकर: हो, आणि तीस वर्षं पत्रिका तपासतोय. चूक फॉन्टची नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये Preferences मध्ये Type खाली `Middle Eastern and South Asian` निवडल्याशिवाय युनिकोड मराठी जुळतच नाही. म्हणून लोक अजून जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'कुलकर्णी'चं भलतंच काहीतरी होतं.

फ्लेक्सवाले काका, नांदेड: जुन्या फॉन्टवर माझं घर चाललंय. त्याला नावं ठेवू नका!

लातूरची रॉवाली: भांडू नका. छापायला द्यायच्या कॉपीत टेक्स्टवर Convert to Shape करा. फॉन्ट लागत नाही, कडा व्हेक्टरच्या राहतात. तो मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, म्हणून मूळ पीएसडी वेगळी. रास्टराइज केलेलं मोठं केलं की कडा फुटतात, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

फ्लेक्सवाले काका, नांदेड: माहीत आहे. पण दहा गिऱ्हाइकांतला एक तरी शेप करतो का?

अंबाजोगाई स्टुडिओ: माझा प्रश्न वेगळा आहे. निळ्या आभाळावर कुंकवासारखी लाल अक्षरं टाकली की जेपीजीत कडेला घाण दिसते. बिट कमी पडतात का?

लातूरची रॉवाली: बिट नाही. जेपीजी कमी दर्जावर रंगाची माहिती अर्ध्या बारकाईनं ठेवते, उजेडाची पूर्ण. फोटोशॉपच्या Save As मध्ये दर्जा ७ किंवा वर ठेवा, तिथून रंग पूर्ण राहतो. पांढरी अक्षरं घेतली तर त्रास कमी.

अंबाजोगाई स्टुडिओ: १२ वर सेव्ह करून व्हॉट्सॲपवर टाकलं तरी तेच.

परळीचा फोटोवाला: व्हॉट्सॲप परत पिळून काढतं ना! डॉक्युमेंट म्हणून टाका. एवढं तर जेपीजीवर लिहिणाऱ्या अडाण्यालाबी माहीत आहे. ताई, लग्न शेवटी २१ लाच झालं का?

लातूरची रॉवाली: २१ लाच. पण आठ दिवसांनी कार्यालय बदललं. तोवर मी रॉपासून पीएसडी नव्यानं बांधली होती, एक ओळ टाइप केली आणि दिलं.

परळीचा फोटोवाला: करतो बाई पंधरा फोटोंना. सोळावा आला की तुमच्याकडं पाठवतो.