गच्चीवर मोफत सामूहिक व्यायाम: ही सूचना फलकावर लावावी का?

समिती सदस्य, डोंबिवली
आमची ६४ घरांची सोसायटी. फलकावर ही सूचना लावायची आहे: "सर्व रहिवाशांना आग्रहाचे निमंत्रण. येत्या रविवारी सकाळी ६.३० ते ७.३०, बी विंगच्या गच्चीवर संगीताच्या तालावर सामूहिक व्यायाम. प्रवेश मोफत. वय ८ ते ८०. उपाशीपोटी यावे." शिकवणारे ओळखीचे आहेत, पैसे घेणार नाहीत. समितीत दोन तट पडलेत. तुम्ही लावली असती का?

सातवा मजला
नका लावू. मी गच्चीच्या थेट खाली राहतो. आमच्याकडे असंच सुरू झालं, तीसेक माणसं एका ठेक्यावर उड्या मारायची. तक्रार केली तर स्पीकर बारीक केला. पण त्रास गाण्याचा नव्हताच. स्लॅबमधून येणारी धपधप तशीच राहिली, फडताळातली भांडी वाजायची आणि अंथरुणाला खिळलेली आई दचकून उठायची. पुढच्या पावसाळ्यात छताला ओल आली. गच्चीच्या चायना मोझॅकला तडे दिसले. ते उड्यांनीच गेले हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांवर आला.

तालीमवाला
लाउडस्पीकरला बंदी रात्री १० ते सकाळी ६. साडेसहाला कायद्याने कुणी अडवू शकत नाही. आठवड्यातला एक तास शेजाऱ्यांसाठी सोसायला काय हरकत आहे? आणि उपाशीपोटी लिहिलंय तेच बरोबर. तालमीत आम्ही कधी खाऊन गेलो नाही.

सातवा मजला
सहानंतर मोकळं रान नसतं. निवासी भागात दिवसाही ५५ डेसिबलची मर्यादा आहे.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे
सूचना लावा, पण "उपाशीपोटी" काढा. तालमीत तुम्ही विशीत होतात, इथे साठीचे लोक येणार आणि त्यांत मधुमेहाच्या गोळ्या घेणारे असणारच. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची उतरू शकते. औषध साखर खाली आणतं, काम करणारे स्नायूही तीच ओढतात आणि पोटात काही नसतं.

एका शिबिरात एक गृहस्थ गोळी घेऊन, चहासुद्धा न पिता आले होते. चाळीस मिनिटांनी घामाने निथळले. सगळ्यांना वाटलं, व्यायामाचा घाम. पण हात गार होते, बोटं थरथरत होती आणि मोजणी विचारली तर भलतंच उत्तर आलं. लगेच बसवलं, पाण्यात चार चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा सावरले. म्हणून सूचनेत लिहा: इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी थोडं खाऊन यावं आणि औषधाच्या वेळेबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. गच्चीवर साखरेचा डबा आणि पाणी ठेवा.

दुसरं, उड्याच काढून टाका. एक पाय कायम जमिनीवर राहील अशा हालचाली घ्या: जागच्या जागी चालणं, बाजूला पाऊल टाकून परत आणणं, हात वर. दमही लागतो आणि गुडघेही वाचतात. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत वेग पुरे. शेवटी एकदम थांबवू नका. पाच मिनिटं सावकाश चालवा, नाहीतर रक्त पायांत साठून काहींना भोवळ येते.

दोन्ही गुडघे बदललेली
मी ६८ वर्षांची. ऑपरेशनला दीड वर्ष झालं. मला ८ ते ८० वाचून फार बरं वाटलं, पण गच्चीवर उभं राहायची भीती वाटते. मी जाऊ का?

फिजिओथेरपिस्ट, ठाणे
तुमच्या सर्जननी मोकळीक दिली असेल तर जा, मावशी. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून घ्या. खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, हाच तुमचा मुख्य व्यायाम. वळताना पाय रोवून गुडघा पिळू नका, छोटी पावलं टाकत वळा.

भाडेकरू
आमच्याकडे अशा सूचनांत "सभासद" लिहितात, मग आम्ही भाडेकरू जातच नाही. तुम्ही "रहिवासी" लिहिलंय, ते तसंच राहू द्या.

तालीमवाला
गोळीचं पटलं, माझ्या लक्षात नव्हतं. पण उड्यांशिवाय पोरं येणार नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला जागच्या जागी चालवून दाखवा!

समिती सदस्य, डोंबिवली
"उपाशीपोटी" आणि "८ ते ८०" दोन्ही काढतो. मुलांना त्याच वेळी खाली पार्किंगमध्ये दोरीच्या उड्या. वर उड्या नाहीत, खुर्च्या ठेवू, वेळ साडेसात. सातवा मजला, आता चालेल का?

सातवा मजला
पहिल्या रविवारी तुम्ही स्वतः वर न जाता गच्चीखालच्या घरात तासभर बसा. तिथे काय ऐकू येतं ते बघून पुढच्या रविवारचं ठरवा. आणि स्लॅबला हादरा कमी बसला तरी पार्किंगच्या वर पहिला मजला आहेच, त्यांना विचारलंत का?