मदत हवी आहे: काकांच्या दुकानात इंटर्नशिप, कामाच्या आणि घरच्या सीमा कशा आखू?

मी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या १२० तासांच्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी सख्ख्या काकांच्या इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात जाते. राहतेही त्यांच्याकडेच. काम खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B शी, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवण्याचं. एप्रिलच्या 2B मध्ये तीन बिलं सापडली नाहीत, १८,००० रुपयांचं जीएसटीचं क्रेडिट अडकलं. मी तिथेच काउंटरवर म्हटलं, "काका, या पार्टीनं आपल्याला फसवलंय." समोर दोन गिऱ्हाइकं होती. काका काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र काकू म्हणाल्या, "चार दिवस झाले नाहीत, आणि घरच्यांना शिकवायला लागलीस."

दुसरं असं की टॅलीत मी दादाच्याच नावानं लॉगिन करते. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची जमा दुसऱ्याच्या खात्याला पडली. ती नोंद माझी नव्हती, पण बोलणी मला बसली. मूल्यमापनाच्या कागदावर सहीही काकांचीच. ते म्हणतात, "पैकीच्या पैकी देतो, काळजी करू नकोस." मला खरे गुण हवे आहेत. कसं बोलू?

खतावणी:
बावीस वर्षं दुकानांची हिशेबाची कामं करतोय, त्यातली सहा मामांच्या पेढीवर. ताई, आधी बिलांचं. ती पार्टी तिमाही रिटर्न भरणारी आहे का ते बघितलंस? तशी असेल आणि मधल्या महिन्यांत तिनं बिलं चढवली नसतील, तर एप्रिलचं बिल जूनच्या 2B मध्ये येतं, म्हणजे १४ जुलैला. क्रेडिट तोवर थांबतं, बुडत नाही. पोर्टलवर पार्टीचा जीएसटी नंबर टाकलास की तिनं कुठवरचं रिटर्न भरलंय ते दिसतं. चूक तुझ्या आकड्यात नव्हती. "फसवलं" हा शब्द चुकला, आणि जागा चुकली. ती काकांची वीस वर्षांची पार्टी असू शकते.

यापुढे न जुळलेली बिलं कागदावर लिही: बिल नंबर, रक्कम, तुला वाटणारं कारण. शनिवारी शटर ओढल्यावर दहा मिनिटं माग, दुकानातच. जेवणाच्या ताटावर विषय निघाला तर "शनिवारच्या कागदात घेते, काका" एवढंच म्हण.

घाटमाथा:
पगार मागा आधी. फुकट राबणाऱ्याला कुणी किंमत देत नाही. फक्त एक, नातेवाईकाला दिलेला पगार इन्कमटॅक्सवाले खर्च म्हणून धरत नाहीत, म्हणून काका टाळतील.

खतावणी:
घाटमाथा, पगार मागावा हे बरोबर. टॅक्सचं तसं नाही. वाजवीपेक्षा जास्त दिलेला भाग तेवढा नाकारता येतो, आणि पुतणी तर त्या व्याख्येतल्या नातेवाइकांत बसतही नाही.

लॉगिनचं मात्र आजच करून घे. टॅलीत तुझ्या नावाचा वेगळा युजर काढायला सांग. त्याला मागच्या तारखेची नोंद आणि केलेली नोंद बदलणं, दोन्ही बंद ठेवायचं. चूक झाली तर दिवाणजींकडून दुरुस्त करून घ्यायची. कुणी काय बदललं हे टॅली दाखवतं, पण सगळे एकाच नावानं बसले तर त्यात एकच नाव दिसणार. काकांना "माझ्यावर आळ येतो" असं सांगू नकोस. "माझ्या चुका मला वेगळ्या दिसायला हव्यात" असं सांग, तेही खरंच आहे.

माईची_लेक:
आमच्याकडे मी सून म्हणून दुकानात बसते, आठ वर्षं. हिशेब मी करते, पण चेकबुकाला हात लावायचा नाही. तुला धंद्यात वाटा हवा असेल तर आत्ताच बोल बाई, नंतर कुणी विचारत नाही.

धागाकर्ती:
माई, वाटा नकोय, कॉलेजची चार क्रेडिट हवीत. पण चेकबुकाचं वाचून वाईट वाटलं.

खतावणीकाका, तपासलं. दोन बिलांची पार्टी तिमाहीवालीच निघाली. काउंटरवर बोलले त्याबद्दल काकांची माफी मागितली, तेव्हा त्यांनी स्वतःच तिसऱ्या बिलाच्या पार्टीला फोन लावला. तिनं बिलावर आपल्या दुकानाचा जुना जीएसटी नंबर घातला होता.

लॉगिन झालं. दादाला आवडलेलं नाही. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला. काल दोनदा चहा आणायला पाठवलं आणि चिमीला शाळेतून आणायलाही. चिमीला आणायला मला आवडतं, पण ते तास ट्रेनिंगच्या वहीत लिहायचे नाहीत असं ठरवलंय.

खतावणी:
वहीचं उत्तम केलंस. गुणांसाठी दिवाणजींना गाठ. तुझं काम रोज तेच बघतात. काय जमलं, काय चुकलं ते त्यांना महिन्याच्या शेवटी चार ओळींत लिहायला सांग आणि सही करण्याआधी काकांना ते वाचायला दे. दादाचं मला सांगता येणार नाही. मामेभावाशी माझं अजून धड बोलणं नाही.

धागाकर्ती:
दिवाणजी म्हणाले, "मालकांच्या पुतणीच्या चुका मी लिहू?" परवा पुन्हा विचारते. कुणाच्या दुकानात दिवाणजींनी असं लिहून दिलंय का?