भागीदारांचा पगार म्हणे कागदी खेळ!

चाटीगल्लीकर: आमची फर्म यंदा मोडतोय. फर्मला पहिल्या रुपयापासून तीस टक्के. भागीदारांचा पगार, भांडवलावरचं व्याज हे सगळे कागदी खेळ, या खिशातलं त्या खिशात. सीएची फी तेवढी वाढते. शहाण्याने भागीदारी करूच नये.

टॉवेलवाला: त्या खिशात कर कमी लागतो म्हणूनच तर तिकडं घालायचं, शेठ! आमचंच सांगतो. अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग, आम्ही दोघे भाऊ. २०२५-२६ चा नफा १६ लाख. काहीच वजा केलं नाही तर सेससकट ३१.२ टक्क्यांनी ४,९९,२०० गेले.

आता दोघांचं भांडवल दहा-दहा लाख. १२ टक्क्यांनी व्याज २,४०,००० वजा, उरले १३,६०,०००. त्यातल्या पहिल्या सहा लाखांच्या ९० टक्के म्हणजे ५,४०,०००, आणि उरलेल्या ७,६०,००० च्या ६० टक्के म्हणजे ४,५६,०००. मिळून ९,९६,००० पगार चालतो. फर्मकडे राहिले ३,६४,०००, त्यावर कर १,१३,५६८. आम्हा भावांना प्रत्येकी पगार आणि व्याज मिळून ६,१८,०००. दुसरं उत्पन्न नाही, नव्या पद्धतीत बारा लाखांच्या आत, कर शून्य. फर्ममधला उरलेला नफा वाटून घेतला तर त्यावर परत कर नाही. पावणेचार लाखांच्या वर वाचले. याला खेळ म्हणायचं असेल तर म्हणा.

फक्त भागीदारीचं डीड नीट वाचा. आमचं २०१२ चं. त्यात आकड्यात लिहिलेलं, "पहिल्या तीन लाखांवर ९० टक्के, पुढे ६०". कायद्यात २०२४-२५ पासून तिनाचे सहा झाले, डीडमध्ये तीनच राहिले. डीडपेक्षा जास्त पगार वजा मिळत नाही. वरच्याच आकड्यांवर जुन्या ओळीने ९,०६,००० च बसतात, म्हणजे ९०,००० वर फर्मने फुकट २८,०८० भरायचे. १ एप्रिल २०२५ ला पुरवणी डीड केलं तेव्हा सुटलो.

चाटीगल्लीकर: आमच्या डीडमध्ये पगाराचं "भागीदार वेळोवेळी ठरवतील" असं आहे आणि व्याज १८ टक्के आहे. म्हणजे आम्ही तुमच्यापेक्षा पुढेच.

जुना मुनीम: पुढे नाही, खड्ड्यात. व्याज १८ लिहा नाहीतर २४, वजा १२ च मिळतं. आणि "वेळोवेळी ठरवतील" यावर अख्खा पगार उडू शकतो. रक्कम किंवा ती काढायची रीत डीडमध्येच लागते, १९९६ च्या ७३९ नंबरच्या परिपत्रकात तेच आहे. आता मागची तारीख टाकून डीड करू नका, स्टँप पेपरची खरेदीतारीख लपत नाही. माझ्या एका मालकाने ते केलं होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

सात रस्ता किराणा: आम्ही टर्नओव्हरवर आठ टक्के दाखवतो. त्यातून बायकोचा पगार वजा केला तर किती वाचेल?

जुना मुनीम: शून्य. ४४एडी या ठरावीक टक्के नफा दाखवायच्या योजनेत गेल्यावर फर्मला पगार-व्याज वजा मिळत नाही, २०१६-१७ पासून बंद. शिवाय वहिनी दुकानात बसतात का? पगार काम करणाऱ्या भागीदारालाच.

सात रस्ता किराणा: बसते म्हणजे काय, तीच चालवते! मी नुसता गल्ल्यावर.

चाटीगल्लीकर: टीडीएसचं कुणी बोलेना! एप्रिल २०२५ पासून स्वतःच्याच पगार-व्याजातून दहा टक्के कापायचे. टॉवेलवाले, तुमचे १२,३६,००० वरचे १,२३,६०० सरकारकडे गेले की नाही? कर शून्य म्हणता, पैसा अडकलाच ना.

टॉवेलवाला: अडकलाय. कबूल. रिफंड येईल, पण ऐन सुताच्या खरेदीत हात आखडला.

कॉलेजचा पोरगा (सीए इंटर): काका, पगार घेऊच नका. सगळा नफा म्हणून वाटा, टीडीएस नाही, भागीदाराला कर नाही.

टॉवेलवाला: आणि फर्मचे ४,९९,२०० तुझ्या स्टायपेंडमधून कापू का?

जुना मुनीम: पोराचं अगदीच चूक नाही. भागीदार आधीच तीस टक्क्यांच्या पट्टीत असेल तर पगार दाखवून फारसं हाती लागत नाही. तुमच्यासारख्यांना लागतं.

चाटीगल्लीकर: मी दरमहा घरखर्चाला चाळीस हजार उचलतो. त्यावर कापायचा का?

जुना मुनीम: भांडवलातली उचल असेल तर नाही. पगारापोटी असेल तर देताना किंवा खात्यावर जमा करताना, जे आधी होईल तेव्हा. वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की सगळ्यावर.

कॉलेजचा पोरगा (सीए इंटर): पण मार्चला तीच उचल पगारात वळवली तर? आमचे सर म्हणतात, मग ती पहिल्यापासून पगारच.

जुना मुनीम: तुमच्या सरांनी किती वह्या लिहिल्यात?

कॉलेजचा पोरगा (सीए इंटर): तुमच्याइतक्या नाही. प्रश्न तसाच राहिला पण.

चाटीगल्लीकर: बरं, फर्म मोडत नाही. आधी डीडची फाइल सापडू दे. भावाकडे आहे, आणि भाऊ दिवाळीपासून बोलत नाही.