मालकंसासाठी उतरवलेली पहिली तार

> मालकंससाठी तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमावर आणली, पण ती मुकी वाजते आणि गाताना माझा सा हलतो. काय चुकतंय?

खुंटी सैल केली, पण दोरा जुन्याच जागी राहिला असणार. पंचमाचा मध्यम केला की ताण कमी होतो आणि तार घोडीवर वेगळी टेकते. घोडी आणि तारेमधला दोरा केसभर पुढेमागे सरकवत राहा. एका जागी तार अचानक झणझणून उघडते. तिथेच थांबा. मग उरलेला बारीक फरक मण्याने काढा, खुंटीला हात नको. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात तर खुंट्या फुगून अडतात, जोर लावला की स्वर उडी मारतो.

सा हलतो त्याचं कारण वेगळं. म-सा-सा-सा हे कानाला सा-प-प-प असंही ऐकू येतं! पहिली तार जोरात छेडली की मध्यमच षड्ज वाटायला लागतो. म्हणून आधी जोड आणि खर्ज पक्के मिळवा, मध्यम शेवटी, आणि तो हलक्या बोटाने छेडा.

आणखी एक गंमत. खर्ज चांगला लागला की त्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो, आणि मध्यमाच्या तारेतून तसाच शुद्ध धैवत. मालकंसात दोन्ही कोमल. त्यामुळे या रागाला जवारी फार उघडी ठेवू नये असं माझं मत. कोमल गंधारावर न्यास करताना मागून शुद्ध गंधार टोचत असेल, तर खर्जाचा दोरा जरा सरकवून बघा.