आठवड्याला दोन औंस चहा: महायुद्धातल्या घरच्या आठवणी

मंजिरी_कार्डिफ
आमच्या शेजारच्या वेल्श आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या, शंभरीच्या उंबरठ्यावर. घर आवरताना त्यांच्या लेकीला रेशनचं पुस्तक सापडलं, मळकट पिवळसर. आम्ही ते चाळत बसलो. तुमच्या घरातल्या मोठ्यांकडून 1939-45 मधलं रेशन, सरकारी प्रचार, बायकांच्या नोकऱ्या यांबद्दल काही ऐकलं असेल तर लिहा.

सुरुवात मी करते. माणशी आठवड्याला चहा दोन औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. आजी म्हणायच्या, तीच पत्ती दुसऱ्यांदा उकळायची आणि पाहुणा आला तर तिसऱ्यांदा.

सदानंद_ठाणे
आमचं रेशनकार्ड ई-केवायसीत अडकलंय, तीन महिने धान्य नाही. कुणाला उपाय माहीत आहे का?

मंजिरी_कार्डिफ
काका, हा धागा 1940 च्या रेशनचा आहे :) पण दुकानदाराशी वाद तेव्हाही व्हायचेच.

जुनापुराणा
ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 ला बेकन, लोणी आणि साखर यांपासून रेशन सुरू झालं. तुम्ही एका वाण्याकडे नाव नोंदवायचं. त्याच्याकडे जितकी नावं, तितकाच माल त्याला मिळे. त्यामुळे साखर मिळेल की नाही ही धाकधूक कमी. रांगा लागत त्या मुख्यतः रेशनवर नसलेल्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ मासळी.

डबाबंद मालाला ही पद्धत लागू पडेना, कारण सगळ्यांना पुरेल इतका एकच प्रकार कधी नसे. म्हणून डिसेंबर 1941 पासून गुण दिले, सुरुवातीला चार आठवड्यांना 16. ते कुठल्याही दुकानात, हव्या त्या डब्यावर खर्च करा. एखादा डबा पडून राहू लागला की सरकार त्याचे गुण उतरवी, तुटवडा झाला की चढवी. पैसे वेगळे द्यावे लागत, ते सुटत नसत! शाकाहारी माणूस मांसाचं कूपन सोडून जास्तीचं चीज घेऊ शकत असे. आपल्यापैकी कुणी तेव्हा तिथे शिकत असेल तर त्याने हेच केलं असणार.

गिरगावकर_नातू
माझी आजी मुंबईच्या चाळीत. रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि 1943 च्या मे महिन्यात मुंबईत रेशन आलं. भात खाणारं आमचं कोकणी घर, आणि पिशवीत गहू-बाजरी! आजीला बाजरीची भाकरी थापता येईना, ती शेजारच्या साताऱ्याच्या काकूंकडून शिकली. अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारीही तेव्हाच खाल्ली म्हणे. सुट्ट्या पैशांचीही टंचाई होती. भोकाचा पैसा तेव्हाचाच, आजीने करगोट्यात ओवून ठेवला होता.

जुनापुराणा
भोकाचा पैसा बरोबर, 1943 पासूनचा. मिलो मात्र नंतरची, साठ-सत्तरच्या दशकांतली. दोन टंचाया आठवणीत एकत्र झाल्या असाव्यात.

गिरगावकर_नातू
असेल. पण आजी शपथेवर सांगायची, तिला कोण दुरुस्त करणार!

पल्लवी_पुणे
गाजराची गोष्ट खरी ना? वैमानिक गाजरं खाऊन अंधारात बघायचे, म्हणून सगळ्यांना गाजरं खायला लावली?

जुनापुराणा
अर्धी. रात्री विमानं पाडण्याचं श्रेय मुख्यतः विमानातल्या रडारला. ते लपवायला गाजराची कथा सोडली, असं सांगतात. जर्मन खरंच फसले का, यावर मी पैज लावणार नाही. लोकांना मात्र गाजरं हवीच होती, साखर कमी आणि गाजरं ढीगभर. मुलांना काडीला टोचलेलं गाजर आइस्क्रीमच्या जागी देत.

मंजिरी_कार्डिफ
आता आजींच्या नोकरीबद्दल. डिसेंबर 1941 च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित मुलींना युद्धकामावर बोलावता येऊ लागलं. आजी ब्रिजेंडच्या दारूगोळा भरण्याच्या कारखान्यात गेल्या. तिथे ऐन भरात तीस हजारांहून अधिक माणसं होती, बहुतेक बायका. पोस्टरवर त्या हसतमुख, केस बांधलेल्या. प्रत्यक्षात आत शिरण्याआधी केसांच्या पिना, काड्यापेटी, सिगारेट सगळं बाहेर; एका ठिणगीने काम तमाम होई. अंगठी निघत नसेल तर तिच्यावर पट्टी गुंडाळायची. भुकटीने कातडी आणि कपाळावरचे केस पिवळे पडत, उशीचा अभ्रा धुऊनही पिवळाच. गावातल्या नाचाला गेल्यावर पोरं लगेच ओळखत, कुठे काम करते ते. कारखाना गुप्त!

पल्लवी_पुणे
पगार पुरुषांइतका?

मंजिरी_कार्डिफ
नाही. आजींना त्याचाच राग जास्त होता, पिवळेपणाचा नाही. युद्ध संपल्यावर घरी बसवलं, तेव्हा हातात स्वतःचे पैसे असण्याची सवय झाली होती. लेक म्हणते, त्या नंतर कधी चहा दोनदा उकळत नसत; पत्ती थेट बागेत, गुलाबाच्या बुंध्याशी.