अल्फा ०.८६ आला, एवढ्यावरून प्रश्नावली सप्रमाण म्हणावी का?

शोधछात्रा, फोंडा

नववीच्या विद्यार्थ्यांचा अध्ययनातील सहभाग मोजणाऱ्या माझ्या प्रश्नावलीविषयी संशोधन पद्धतीच्या प्रकरणात असा परिच्छेद आहे: 'वर्तनात्मक, भावनिक व बोधात्मक या तीन बाजूंवर प्रत्येकी पाच, अशी एकूण पंधरा विधानांची पंचबिंदू प्रश्नावली तयार करून ती तज्ज्ञांकडून तपासून घेतली. २४० विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांवरून क्रॉनबॅक अल्फा ०.८६ आला. त्यावरून प्रश्नावली विश्वसनीय व सप्रमाण असल्याचे सिद्ध झाले.' मार्गदर्शकांना हे पुरेसे वाटते, पण एका परीक्षकांनी शेवटच्या वाक्याला हरकत घेतली आहे. आपले मत काय?

निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली

परीक्षकांची हरकत शब्दांपुरती धरावी. विश्वसनीयता अल्फाने दाखवली आणि सप्रमाणता तज्ज्ञांनी पाहिली, तेव्हा एका वाक्याची दोन वाक्ये केली की काम झाले. ०.७० च्या वर अल्फा असला की प्रश्नावली स्वीकारावी, असे आम्ही वर्षानुवर्षे मानत आलो आहोत आणि आपला आकडा तर त्याहून बराच वर आहे. एखादे विधान अल्फा खाली ओढत असेल तर ते काढून टाकावे, म्हणजे आकडा आणखी सुधारेल.

संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ताळगाव

दोन वाक्ये वेगळी करावीत हे सरांचे म्हणणे योग्यच आहे. पण पहिले वाक्यही मला जसेच्या तसे मान्य नाही, कारण हा अल्फा पंधराही विधानांवर एकत्र काढलेला आहे. समजा, प्रत्येक बाजूच्या पाच विधानांचा आपापसातला सहसंबंध सरासरी ०.५० आहे आणि एका बाजूच्या विधानांचा दुसऱ्या बाजूशी तो केवळ ०.२० आहे. पंधरा विधानांच्या एकूण १०५ जोड्या होतात. त्यांतील ३० जोड्या एकाच बाजूच्या आतल्या आणि उरलेल्या ७५ दोन बाजूंमधल्या. सर्व जोड्यांची सरासरी सुमारे ०.२९ येते आणि तीवरून अल्फा ०.८६ निघतो, म्हणजे नेमका आपलाच आकडा. आता बाजूंमधला सहसंबंध ०.२० ऐवजी शून्य धरून पाहा. एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या तीन गोष्टी एकत्र केल्या, तरी अल्फा ०.७१ येतो आणि सरांची ०.७० ची रेषा ओलांडतो.

यात अल्फाचा दोष नाही. क्रॉनबॅक यांनी १९५१ सालच्या लेखातून रूढ केलेल्या या मापाचे मूल्य विधानांच्या संख्येबरोबर वाढते. सर्व विधाने एकच गोष्ट मोजतात की नाही, हे ते माप सांगत नाही. आपण तीन बाजू मानल्या आहेत, तेव्हा तीन अल्फा स्वतंत्रपणे द्या आणि विधाने खरोखर त्या तीन बाजूंत विभागली जातात का, हे घटक विश्लेषणाने तपासा. एकाच घटकाचे प्रारूप आणि तीन घटकांचे प्रारूप समोरासमोर ठेवल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

माध्यमिक शिक्षक, पेडणे

माझा अनुभव वेगळा आहे. मी अशीच प्रश्नावली त्याच वर्गाला दोनदा दिली होती, आणि मधे चतुर्थीची सुट्टी येऊन गेली. दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध इतका कमी आला की मी ती बासनातच गुंडाळली. मग तीन अल्फा काढूनही काय उपयोग, मुलांची उत्तरेच टिकत नसतील तर?

संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ताळगाव

आपण फेरचाचणीबद्दल बोलत आहात आणि वरचा प्रश्न विधानांच्या अंतर्गत सुसंगतीचा आहे. एका प्रकारची विश्वसनीयता कमी आली म्हणून दुसरीही कमी येईल असे नाही. शिवाय सहभाग ही बदलणारी गोष्ट आहे. माटोळी, आरत्या, पाहुणे या सगळ्यांतून परतलेल्या मुलाचे वर्गातले मन खरेच बदललेले असेल, तर कमी सहसंबंध हा प्रश्नावलीचा दोष ठरत नाही. दोन आठवड्यांचे, मधे सुट्टी किंवा परीक्षा नसलेले अंतर घेतले असते तर निष्कर्ष काढता आला असता. उलट धोकाही ध्यानात ठेवावा: सर्वांचेच गुण दुसऱ्या वेळी तीन-तीनने घसरले, तर सहसंबंध पूर्ण एक येतो, कारण त्याला फक्त मुलांचे एकमेकांच्या तुलनेतले स्थान दिसते, सर्वांची मिळून झालेली घसरण दिसत नाही. त्यासाठी वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक काढावा, तोही निखळ जुळणी पाहणारा.

शिक्षिका, मडगाव

प्रश्नावली कोणत्या भाषेत भरली, हे परिच्छेदात कुठेच नाही. आमच्याकडे नववीतली मुले इंग्रजीतून शिकतात, घरी कोंकणी बोलतात आणि मराठी वाचतातही, पण तिन्ही भाषा सर्वांना सारख्या पेलत नाहीत. 'तासाला मला कंटाळा येत नाही' या विधानासमोर 'असहमत' असे उत्तर देताना मुलाला दोन नकार उलगडावे लागतात. मोठ्याने विचार करत भरायला सांगितले की मुले नेमकी तिथे अडखळताना दिसतात. अशी नकारार्थी विधाने घटक विश्लेषणात पुष्कळदा आपला वेगळाच गट करून बसतात, आणि मग त्याला 'भावनिक बाजू' समजण्याची गल्लत होते.

त्याचमुळे 'अल्फा खाली ओढणारे विधान काढा' हा सल्ला मला घाईचा वाटतो. त्या विधानाचा इतरांशी सहसंबंध ऋण असेल तर आधी त्याचे गुण उलटवले होते का, हे पाहावे. एकसारखी विधाने ठेवून अल्फा वाढवता येतो, पण मग 'गृहपाठ वेळेवर करतो' हेच चार शब्दांच्या फेरफाराने पाचदा विचारल्यासारखे होते आणि वर्तनाचा बाकीचा भाग निसटतो.

निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली

मॅडम, गुण उलटवण्याचे आपले म्हणणे पटते. मात्र लघुप्रबंधासाठी एक वर्ष असते, आणि प्राध्यापक महोदय सांगतात ते सगळे करायचे तर मूळ संशोधन केव्हा व्हायचे? तज्ज्ञांची तपासणी हाही पुरावाच आहे.

संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ताळगाव

पुरावा आहे, फक्त तो आशयापुरता आहे. किती तज्ज्ञ होते, त्यांना काय विचारले आणि त्यानंतर कोणते विधान बदलले, हे लिहिले तरच वाचकाला त्याचे वजन कळते. वेळ कमी असेल तर फक्त एक बाह्य निकष घ्या: वर्गशिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेले सहभागाचे गुण. त्यांचा सहसंबंध वर्तनात्मक बाजूशी जास्त आणि बोधात्मक बाजूशी कमी यायला हवा, कारण मागच्या बाकावर गप्प बसून धडा मागच्या धड्याशी जोडणारी मुलगी शिक्षकांना दिसत नाही. तिन्हींशी तो सारखाच आला, तर तीन बाजू वेगळ्या मोजल्या जातात या दाव्याविषयीच शंका घ्यावी लागेल. परिच्छेद साधारण असा करता येईल, आकडे आपण भरावेत:

'सहभागाची वर्तनात्मक, भावनिक व बोधात्मक ही विभागणी फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड व पॅरिस यांच्या २००४ च्या आढाव्यावरून घेतली. तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार बदललेली विधाने व बदलाची कारणे परिशिष्टात दिली आहेत. प्रश्नावली विद्यार्थ्यांनी निवडलेल्या भाषेत भरून घेतली व सहभागाच्या उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलटवले. अल्फा प्रत्येक बाजूसाठी स्वतंत्रपणे काढला, एक-घटक व तीन-घटक प्रारूपांची तुलना केली आणि प्रत्येक बाजूच्या गुणांचा वर्गशिक्षकांच्या गुणांकनाशी सहसंबंध पाहिला. या पुराव्यावरून प्रश्नावलीचे गुण या तालुक्यातील नववीच्या विद्यार्थ्यांपुरते वापरण्याजोगे मानले आहेत.'

शोधछात्रा, फोंडा

आभारी आहे. वर्गशिक्षकांचे गुणांकन मिळवता येईल. पण माझ्या परिकल्पना एकूण गुणांवर बेतलेल्या आहेत. ते गुण आता सोडून द्यावे लागतील का?

शिक्षिका, मडगाव

तीन बाजूंचे तक्ते वेगळे द्यावेत, असे मी म्हणेन. वर्तनात मुली पुढे आणि भावनिक बाजूत मुलगे पुढे असले, तर एकूण गुणांत दोन्ही फरक एकमेकांना खाऊन टाकतात आणि 'फरक नाही' असा निष्कर्ष निघतो.

निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली

आणि एका परिकल्पनेच्या जागी तीन चाचण्या घेतल्या, तर केवळ योगायोगाने 'फरक आहे' असे म्हणण्याची शक्यता वाढते, त्याचे काय? तीन-घटक प्रारूप स्पष्टपणे सरस ठरत नाही, तोवर मी तरी एकूण गुण सोडू नका असेच सांगेन.